अक्षर न वाचता टीव्ही: आजीला केवळ चित्रांवरून स्मार्ट टीव्हीचा मेनू शिकवण्याची रीत

घरात स्मार्ट टीव्ही आला की वडीलधाऱ्यांना तो शिकवण्याचे काम बहुतेक वेळा नातवंडांवर येते, आणि हा लेख त्या शिकवणाऱ्यांसाठी आहे. आजींना इंग्रजी येत नसेल, मराठी अक्षरेही लागत नसतील, तरी मेनू शिकता येतो, कारण त्यातील रोजच्या वापराच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला चित्र असते. अडचण वेगळीच असते. ही चित्रे कोणत्या क्रमाने शिकवायची आणि कोणती मुळीच शिकवायची नाहीत, हे ठरवलेले नसते. पुढील पायऱ्या सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात राहणाऱ्या एका आजीच्या आणि सहावीत शिकणाऱ्या तिच्या नातीच्या गोष्टीतून सांगितल्या आहेत.

या आजी कधी शाळेत गेल्या नाहीत. बाजारहाटामुळे त्यांना आकडे नीट वाचता येतात, अक्षरे मात्र येत नाहीत. जुन्या टीव्हीवर त्यांचे काही अडत नसे, कारण हव्या त्या वाहिन्यांचे क्रमांक त्यांना पाठ होते. दिवाळीच्या आधी मुलाने ४३ इंची गुगल टीव्ही आणला, जुना सेट-टॉप बॉक्स त्याला जोडला, आणि घरात एकाऐवजी दोन रिमोट झाले. तेव्हापासून टीव्ही लावायला आजींना कोणाला तरी हाक मारावी लागू लागली. सुट्टीत पुण्याहून आलेल्या नातीने हे पाहिले आणि शिकवणी सुरू केली.

आधीची तयारी: आजी बसण्यापूर्वी करायची कामे

सर्वांत आधी आजींना काय पाहायचे आहे ते विचारावे. नातीने विचारले तेव्हा तीन गोष्टी निघाल्या: संध्याकाळची मालिका, जी सेट-टॉप बॉक्सवर येते, कीर्तन, जे यूट्यूबवर मिळते, आणि शेजारच्या गावच्या यात्रेचे चित्रीकरण, जे तिथली तरुण मंडळी यूट्यूबवरच टाकतात. म्हणजे पडद्यावर वीस-पंचवीस चित्रे दिसत असली, तरी आजींना त्यांतील एकाच ॲपचे चित्र ओळखायचे होते आणि सेट-टॉप बॉक्सकडे जाण्याची वाट माहीत हवी होती.

त्यानंतर मुख्य पडदा आवरावा. गुगल टीव्हीवर एखाद्या ॲपच्या चित्रावर जाऊन रिमोटवरील मधले गोल बटण थोडा वेळ दाबून धरले की एक लहानशी यादी उघडते. तीत Move निवडले की ते चित्र उजवी-डावीकडे सरकवता येते. नातीने यूट्यूबचे लाल चित्र ॲपांच्या ओळीत अगदी पहिले आणून ठेवले. जागा पक्की असेल तर डोळ्यांना शोधण्याचे कष्ट पडत नाहीत, आणि उजेडात चित्र नीट दिसले नाही तरी बोट सवयीने तिथे पोहोचते.

सेटिंगमधील खात्याच्या विभागात Apps only mode नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावर ॲपेच राहतात आणि चित्रपटांच्या शिफारशींची गर्दी निघून जाते. नवशिक्यांसाठी ही सोय चांगली आहे, पण ती चालू असताना गुगलचा आवाजी शोध चालत नाही. आजींना अक्षरे टाइप करता येणार नसल्यामुळे यात्रेचे चित्रीकरण शोधायला मायक्रोफोनशिवाय दुसरा मार्ग नव्हता, म्हणून नातीने शिफारशींची गर्दी पत्करली. तुमच्या घरी नेहमीचे दोन-तीन कार्यक्रमच पाहिले जात असतील आणि शोधाची गरज नसेल, तर ही सोय अवश्य चालू करावी.

यूट्यूबमध्ये घरातील एका खात्याने आधीच प्रवेश करून ठेवावा आणि आजींच्या आवडीच्या कीर्तनाच्या वाहिन्यांचे सदस्यत्व घ्यावे, म्हणजे उघडल्याबरोबर त्या वाहिन्यांचे व्हिडिओ वरच्या ओळींत दिसण्याची शक्यता वाढते. त्याच ॲपच्या सेटिंगमध्ये Autoplay बंद करावे. ते चालू असले की कीर्तन संपल्यावर दुसरेच काहीतरी आपोआप सुरू होते, आणि आपल्या हातून काहीतरी चुकीचे दाबले गेले असे शिकणाऱ्याला वाटते. पैसे भरून चित्रपट घेण्याची सोय संचात असेल, तर खरेदीला पिन लावावा. हा पिन मोठ्या माणसाने ठेवावा, नातवंडानेही नाही.

पहिली पायरी: चौकट शोधणे

शिकवणारे बहुतेकजण सुरुवातीलाच चित्रांची ओळख करून देतात: हे घर, हे भिंग, हा बाण. माझ्या मते हा क्रम चुकतो. मोबाइलवर चित्राला बोट लावले की ते उघडते. टीव्हीवर चित्राला हात लावायचा नसतो, रिमोटने एक चौकट हलवायची असते आणि ती हव्या त्या चित्रावर आली की मधले बटण दाबायचे असते. ज्यांनी आधी मोबाइल पाहिला आहे त्यांना हा फरक कोणी सांगत नाही. या आजी व्हिडिओ कॉल घ्यायला शिकल्या होत्या, त्यामुळे पहिल्या दिवशी त्या उठून टीव्हीजवळ गेल्या आणि त्यांनी लाल चित्रावर बोट टेकवले. काहीच झाले नाही.

“आजी, इथं बोट नाही चालत. ती पांढरी कड दिसते का बघ, एका चित्राभोवती?”

“दिसती की. त्येच चित्र मोठं दिसतंय जरा.”

“तेच. आत्ता आपण तिथं आहोत.”

त्या दिवशी नातीने एवढेच शिकवले. रिमोटवर मधल्या बटणाभोवती जे गोल कडे असते, त्याच्या चार बाजू म्हणजे चार दिशा. उजवी बाजू एकदा दाबली की चौकट एक घर उजवीकडे सरकते. आजींनी काहीही न उघडता चौकट नुसती पुढे-मागे, वर-खाली फिरवली. नातीने तोंडाने एखादे चित्र सांगायचे, “निळ्यावर जा”, “आता त्याच्या खालच्या”, आणि आजींनी चौकट तिथे न्यायची. हा सराव कंटाळवाणा वाटला तरी टाळू नये. चौकट कुठे आहे हे आपोआप दिसू लागेपर्यंत पुढचे शिकवून उपयोग होत नाही, कारण “मी दाबले पण भलतेच उघडले” या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा चौकट दुसरीकडेच असते.

दोन गोष्टी या पायरीवर हमखास बिघडतात. पहिली, बटण किती वेळ दाबायचे ही. जुन्या रिमोटची बटणे कडक झालेली असत आणि ती जोर लावून, थोडा वेळ दाबून धरण्याची सवय अनेकांच्या अंगठ्याला असते. नव्या टीव्हीवर कड्याची बाजू दाबून धरली तर चौकट धावत सुटते, आणि मधले बटण दाबून धरले तर ॲप उघडण्याऐवजी ती Move असलेली यादी समोर येते. आजींच्या बाबतीत हे वारंवार होत होते. नातीने त्यांचा अंगठा आपल्या हातात धरून टक् असा एकच हलका दाब कसा असतो ते दाखवले, आणि तेवढ्याने ते थांबले. पडद्याच्या मधोमध किंवा कडेला अनोळखी लहान यादी उघडलेली दिसली, तर बटण जास्त वेळ दाबले गेले आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट म्हणजे चौकटीचे रूप सगळीकडे सारखे नसते. मुख्य पडद्यावर निवडलेले चित्र थोडे मोठे होते आणि त्याला कड येते, तर यूट्यूबच्या डाव्या बाजूच्या उभ्या रांगेत निवडलेल्या चित्रामागे पांढरी पट्टी येते. म्हणून शिकवताना “पांढरी कड शोध” एवढेच सांगून भागत नाही. कड्याची एक बाजू दाबायला सांगावी आणि “आता काय हललं?” असे विचारावे. जे हलले तीच चौकट. ही युक्ती कोणत्याही कंपनीच्या संचावर आणि कोणत्याही ॲपमध्ये चालते.

दुसरी पायरी: घर आणि वळलेला बाण

चौकट कळल्यानंतर रिमोटवरची दोनच चित्रे शिकवावीत. घराचे चित्र असलेले बटण कुठूनही मुख्य पडद्यावर आणते. डावीकडे वळलेल्या बाणाचे बटण एक पाऊल मागे नेते. ही दोन बटणे आधी शिकवण्याचे कारण असे की, परत येण्याची वाट माहीत असलेला माणूस नवीन बटण दाबून पाहायला घाबरत नाही.

नातीने याचा एक खेळ केला. ती स्वतः रिमोट घेऊन कुठल्या तरी ॲपच्या आत चार-पाच पायऱ्या खोल जाई आणि रिमोट आजींच्या हातात देऊन म्हणे, “आता घरी ये.” आधी घराच्या बटणाने एका दाबात, मग तोच प्रवास बाणाने एकेक पाऊल. बाणाने परत येताना प्रत्येक दाबाला पडदा कसा बदलतो ते आजींना दिसत होते, त्यामुळे मेनू म्हणजे एकाच्या आत एक असलेल्या खोल्या आहेत ही कल्पना त्यांच्या मनात तिथे बसली. वाचता न येणाऱ्यांना अशी आत-आत जाणारी रचना विशेष अवघड जाते, तेव्हा या खेळाला पुरेसा वेळ द्यावा.

घराचे बटण स्पर्शाने ओळखता यावे म्हणून त्यावर काहीतरी खूण करावी. आजींनी आपल्या टिकल्यांच्या पाकिटातील एक टिकली काढून त्या बटणावर चिकटवली. टिकलीचा गोंद फार दिवस टिकत नाही, तेव्हा ती अधूनमधून बदलावी लागते. त्याऐवजी नेलपॉलिशचा एक जाडसर थेंब टाकून रात्रभर वाळू दिला तर खूण जास्त टिकते. थेंब बटणाच्या मध्यभागी हवा. कडेला ओघळला तर बटण अडकते.

तिसरी पायरी: दोन घरे, दोन त्रिकोण

ॲपच्या आत गेल्यावर खरा गोंधळ सुरू होतो, आणि तो शिकणाऱ्याच्या चुकीमुळे होत नाही. यूट्यूबच्या डाव्या बाजूला चित्रांची उभी रांग असते. तिच्यात भिंग असते, म्हणजे शोध, आणि घरही असते. आजींनी दोन दिवसांपूर्वीच घराचे चित्र म्हणजे मुख्य पडदा असे पाठ केले होते. त्यांनी चौकट या दुसऱ्या घरावर नेली, मधले बटण दाबले, आणि त्या यूट्यूबमध्येच राहिल्या. पुन्हा दाबले, पुन्हा तिथेच.

“ह्ये घर खोटं हाय का गं?”

नातीने थोडा विचार केला आणि सांगितले, “रिमोटवरचं घर आपलं आहे, पडद्यावरचं घर त्या यूट्यूबचं. आपल्या घरी यायचं तर हातातलंच दाबायचं.” हा नियम साधा आहे आणि इतर ॲपांनाही लागू पडतो. बाहेर पडायचे असेल तेव्हा पडद्यावरील घराकडे पाहायचेच नाही. ज्या रिमोटवर घराचे चित्र नसून वेगळी खूण असेल, तिथेही मुख्य पडद्यावर आणणारे बटण हातातलेच असते, पडद्यावरचे नव्हे, एवढे सांगितले की पुरते.

त्रिकोणाचेही तसेच आहे. यूट्यूबच्या लाल चित्रात पांढरा त्रिकोण असतो आणि चालू करण्याच्या खुणेतही त्रिकोणच असतो. आजींना मात्र त्रिकोण आधीपासून ओळखीचा होता. त्यांच्याकडे भजनांच्या कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या बटणावर उजवीकडे टोक असलेला त्रिकोण होता. दोन उभ्या रेघा म्हणजे थांबवणे, हेही त्यांना तेव्हापासून माहीत होते. नवीन चित्र शिकवण्यापूर्वी ते शिकणाऱ्याने आधी कुठे पाहिले आहे का, हे विचारून घ्यावे. टेपरेकॉर्डर, मिक्सर, मोबाइल, लिफ्ट यांवरील कितीतरी खुणा टीव्हीवर जशाच्या तशा आलेल्या असतात.

या खुणांविषयी एक बारकावा असा की, पडद्यावर त्रिकोण दिसतो तेव्हा व्हिडिओ थांबलेला असतो आणि दोन रेघा दिसतात तेव्हा तो चालू असतो. दिसणारे चित्र चालू स्थिती दाखवत नाही, दाबल्यावर काय होईल ते दाखवते. आजींना हे उलटे वाटले. नातीने समजावण्याऐवजी त्यांना सांगितले की कीर्तन चालू असताना मधले बटण दाबायचे, म्हणजे थांबेल, आणि पुन्हा दाबायचे, म्हणजे सुरू होईल. चित्राकडे पाहण्याची गरजच उरली नाही.

यूट्यूब उघडताना कधीकधी आधी गोल चित्रांची एक रांग येते आणि कोण पाहत आहे असे विचारले जाते. अक्षरे न वाचणाऱ्याला ही अनपेक्षित अडवणूक असते. घरातील ज्या खात्यात कीर्तनाच्या वाहिन्या आहेत, त्याला आजींचा स्वतःचा फोटो लावावा. आपला चेहरा ओळखायला कोणालाही अक्षरांची गरज नसते.

चौथी पायरी: सेट-टॉप बॉक्सकडे जाणे

मालिका पाहण्यासाठी टीव्हीला सांगावे लागते की आता आतले ॲप नको, बाहेरून जोडलेल्या डब्याचे चित्र दाखव. त्यासाठीच्या बटणावर आयत आणि त्यात शिरणारा बाण असे चित्र असते. ते दाबले की पडद्यावर HDMI 1, HDMI 2 अशी यादी येते. आजींना आकडे येत असल्यामुळे ‘एक’ ओळखणे सोपे गेले. पुढे चौकट एकवर नेऊन मधले बटण दाबायचे, आणि मग हातातला रिमोट ठेवून दुसरा घ्यायचा. वाहिनीचे क्रमांक त्या दुसऱ्या रिमोटवर पूर्वीसारखेच चालतात.

दोन्ही रिमोटांना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावावी. आजींच्या घरी टीव्हीच्या रिमोटला लाल आणि डब्याच्या रिमोटला हिरवी पट्टी आहे. पट्टी मागच्या बाजूला लावावी. रिमोटच्या टोकाला जिथून अवरक्त किरण बाहेर पडतात तो भाग झाकला गेला तर रिमोट चालत नाही.

No Signal हे शब्द आणि काळा किंवा निळा पडदा, ही सर्वांत जास्त घाबरवणारी अवस्था इथेच येते. आजींच्या बाबतीत ती तिसऱ्या संध्याकाळी आली. टीव्ही बिघडला असे त्यांना वाटले आणि त्यांनी तो भिंतीवरच्या बटणाने बंद केला. नातीने त्यांना एक तपासणी शिकवली: असा पडदा दिसला की लाल पट्टीच्या रिमोटवरील टिकलीचे बटण दाबायचे. ओळखीचा मुख्य पडदा आला तर टीव्ही ठीक आहे, आणि दोष डब्याकडे आहे. मग डब्यावरील बारीक दिवा पाहायचा. बहुतेक डब्यांवर चालू असताना आणि झोपलेला असताना दिव्याचा रंग वेगळा असतो. तो रंग आपल्या डब्यावर कोणता आहे, हे एकदा दाखवून ठेवावे. डबा झोपलेला असेल तर हिरव्या पट्टीच्या रिमोटवरील लाल बटणाने तो जागा करायचा, आणि पुन्हा आयत-बाण, एक, मधले बटण.

त्या लाल बटणावर जे चित्र असते, वर्तुळ आणि त्यात शिरलेली उभी रेघ, ते पाहून कोणालाही काही कळण्यासारखे नसते. रेघ म्हणजे १ आणि वर्तुळ म्हणजे ०, चालू आणि बंद, असा तो संकेत आहे. तो समजावत बसू नये. रंग आणि जागा दाखवावी.

टिकलीचे बटण दाबूनही काहीच झाले नाही, तर रिमोटच्या सेलकडे पाहावे. बटण दाबताना रिमोटवरील बारीक दिवा लागत नसेल, तर बहुधा सेल संपले आहेत. दिवा लागतो पण टीव्ही ऐकत नाही असे असेल, तर रिमोटचा ब्लूटूथ जोड तुटलेला असू शकतो. अशा वेळी पुष्कळदा चालू-बंदचे बटण चालते, कारण ते अवरक्त किरणांनी काम करते, आणि बाकीची बटणे चालत नाहीत. ही खूण दिसली की रिमोट पुन्हा जोडून घ्यावा. ते काम शिकवणाऱ्याचे आहे.

पाचवी पायरी: मायक्रोफोन

मायक्रोफोनचे चित्र ओळखायला वेळ लागत नाही. अडते ते बोलण्याच्या पद्धतीत. अनेक रिमोटांवर बटण दाबून धरूनच बोलावे लागते आणि सोडले की ऐकणे थांबते. पहिल्या पायरीवर आपण आजींना बटण धरून ठेवू नका असे शिकवलेले असते, आणि इथे नेमके उलटे करायचे असते. म्हणून हे बटण सर्वांत शेवटी शिकवावे, आणि ते बोटाने न दाखवता हाताला शिकवावे: दाबा, धरा, बोला, सोडा.

आजींनी सुरुवातीला टीव्हीला पूर्ण विनंती केली, “बाबा, त्या आपल्या शेजारच्या गावची जत्रा दाव बरं जरा,” आणि पडद्यावर भलतेच काही आले. गावाचे नाव आणि ‘यात्रा’ असे दोनच शब्द बोलल्यावर हवे ते समोर आले. शोधाला नावे लागतात. रिमोट तोंडापासून वीतभर अंतरावर धरावा आणि टीव्हीचा आवाज चालू असेल तर आधी थांबवावा. ऐकलेले शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटले तरी काळजी करू नये. खाली आलेल्या चित्रांत ओळखीचे देऊळ किंवा चेहरा दिसतो का, एवढेच आजींनी पाहायचे असते.

चित्रांचा पुठ्ठा

नात पुण्याला परतण्याआधी तिने एका पुठ्ठ्यावर सगळा क्रम काढून ठेवला. पहिल्या प्रयत्नात तिने नुसती बटणे काढली होती: घर, लाल चौकोन, त्रिकोण. आजी ते पाहून म्हणाल्या, “चित्रं वळकली. पर करायचं काय ह्येंचं?” मग नातीने प्रत्येक बटणावर टेकलेला अंगठा काढला, एक दाब असेल तिथे एक ठिपका, दाबून धरायचे असेल तिथे लांब रेघ, आणि चौकट सरकते त्या दिशेला बाण. त्यानंतर आजींनी पुठ्ठा समोर ठेवून कोणालाही न विचारता कीर्तन लावले.

मुलीला हे आपोआप सुचले, पण त्यामागे अभ्यासाचा आधारही आहे. बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामधील इंद्राणी मेधी, अमन सागर आणि केंटारो तोयामा यांनी २००६ मध्ये वाचता न येणाऱ्यांसाठी अक्षरविरहित मेनू तयार करून पाहिले, आणि त्यात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा सहभाग होता. स्वयंपाकघरातील वस्तूंचे स्थिर चित्र त्यांना ठिकाणाचे वाटे. त्याच चित्रात नळातून पाणी वाहताना दाखवले की तिथे काम चालले आहे हे कळे. पुठ्ठा करताना हे लक्षात ठेवावे: बटणासोबत हात आणि हालचाल काढावी.

पुठ्ठ्यावर एका ओळीत एकच काम असावे. आजींच्या पुठ्ठ्यावर तीन ओळी आहेत. प्रत्येक ओळ टिकलीच्या बटणापासून सुरू होते, कारण मुख्य पडद्यावरून निघाले की चौकट कुठे आहे याची खात्री असते. एक अडचण मात्र उरते. अनेक संचांत मुख्य पडद्याच्या वरच्या भागात मोठे चित्र असते, त्यात पुष्कळदा जाहिरात असते, आणि चौकट सुरुवातीला तिथेच असते. तिथे मधले बटण दाबले की जाहिरातीचा चित्रपट उघडतो. म्हणून कीर्तनाची ओळ अशी आहे: टिकली, कड्याची खालची बाजू, चौकट लाल चित्रावर आली का ते पाहणे, मग मधले बटण. तुमच्या संचावर खाली किती वेळा जावे लागते ते स्वतः करून पाहून तेवढे ठिपके काढावेत. टीव्हीने आपली प्रणाली अद्ययावत केली की हा आकडा बदलू शकतो, त्यामुळे ठिपके पेन्सिलने काढणे बरे.

दाते असलेले चाक, म्हणजे सेटिंगचे चित्र, पुठ्ठ्यावर घेऊ नये आणि शिकवूही नये. आडव्या तीन रेघांचेही तेच. आत गेल्यावर पुढची बरीचशी निवड अक्षरांवरूनच करावी लागते, आणि तिथे चुकीचे दाबल्यास भाषा, आवाज किंवा इंटरनेटची जोडणी बदलून बसते. आजी चुकून चाकावर गेल्याच, तर टिकली.

फोनवरून मदत करताना

नात पुण्याला गेल्यावर आजींचा फोन येऊ लागला. फोनवर “काय लिहिलंय?” असे विचारून उपयोग नसतो, म्हणून नातीने आपले प्रश्न ठरवून घेतले. आधी, “टिकली दाबलीस का?” मग, “आता कुठलं चित्र मोठं दिसतंय, त्याचा रंग कोणता?” आणि त्यानंतर, “कड्याची उजवी बाजू एकदा दाब, काय हललं?” या उत्तरांवरून चौकट कुठे आहे हे फोनच्या पलीकडच्याला कळते, आणि तिथून पुढे एकेक दाब सांगता येतो. एका वेळी एकच दाब सांगावा आणि पडद्यावर काय बदलले हे ऐकल्याशिवाय पुढचा सांगू नये. आजींना व्हिडिओ कॉल घेता येत असेल, तर फोनचा मागचा कॅमेरा टीव्हीकडे धरायला सांगावे, मात्र रिमोट आणि फोन एकाच वेळी धरणे वयस्कर हातांना जमतेच असे नाही. आजी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतात.

एवढे करूनही पडदा हलत नसेल, तर टीव्ही भिंतीवरच्या बटणाने बंद करून एक मिनिट थांबावे आणि पुन्हा चालू करावा. पूर्ण सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो आणि मधे कंपनीचे चित्र बराच वेळ दिसते, हे आजींना आधीच सांगून ठेवावे, नाहीतर त्या वेळात त्या पुन्हा बटण बंद करतात. मुख्य पडदा आला की पुठ्ठ्यावरच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी.